चौकापलीकडच्या एकाच खोलीत वायफाय सारखं तुटतंय, काय करावं?

रेवती_अंबाजोगाई

नमस्कार मंडळी. आमचा जुना वाडा आहे, मधी चौक आणि चारी बाजूनं ओसरी-खोल्या, दगड आणि पांढऱ्या मातीच्या भिंती, दोन-अडीच फुटाच्या. राउटर दारातून आल्याबरोबर जी ओसरी आहे तिथं देवळीत ठेवलाय, फायबरवाल्या पोरांनीच बसवून दिला. चौकाच्या बरोबर पलीकडं एक खोली आहे, तिथून मी दहावीच्या लेकरांचे गणिताचे ऑनलाइन क्लास घेते. थंडीत काही म्हणता काही त्रास नव्हता. पाडव्यापासून मात्र क्लास चालू असताना मधीच "रिकनेक्टिंग" येतं, वायफायच्या काड्या एकावर येतात, मग जातं, मग आपोआप येतं. बाकी घरात कुठंही अडचण नाही, सासूबाई ओसरीत बसून मोबाइलवर कीर्तन बघतात त्यांचं एकदा सुद्धा अडकत नाही. कंपनीला फोन केला तर म्हणले आमच्याकडून लाइन ओके आहे, मोठा प्लॅन घ्या. रिपीटर घ्यावा का? की राउटरच बदलावा? लेकरांचं नुकसान व्हायलंय, धारूर-केजकडची लेकरं आहेत, त्यांना दुसरा क्लास नाही. लवकर सांगा.

गोदाकाठ

ताई आमच्याकडं पण हेच. लाइट गेली की नेट जातं, आली की येतं पण पाच-सात मिनिटं घेतं. कंपनीला सांगून सांगून थकलो. गंगाखेडला तर रस्त्याच्या कामात जेसीबीनं फायबरच तोडली होती, दोन दिवस बंद. तुम्ही तक्रार नंबर घ्या आणि लावून धरा, सोडू नका.

सोयाबीन_शेठ

@गोदाकाठ दादा, त्यांचं एकाच खोलीत जायलंय, पूर्ण घराचं नाही. जेसीबी काय एका खोलीपुरता येतो का 😀

रेवतीताई, सरळ रिपीटर घ्या. बाजारात हजार-पंधराशेला मिळतो, सॉकेटात खोचला की झालं.

तारवाला

रेवतीताई, काही विकत घेऊ नका अजून. आधी एक गोष्ट नक्की करू, की तुटतंय ते वायफाय आहे का इंटरनेट. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, आणि क्लासच्या स्क्रीनवर दोन्हीचं रडणं सारखंच दिसतं. लॅपटॉप विंडोजचा असेल तर त्या खोलीत बसून कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा आणि एकीत पहिली, दुसरीत दुसरी ओळ टाका:

```
ping 192.168.1.1 -t
ping 8.8.8.8 -t
```

पहिला पत्ता तुमच्या राउटरचा. काही राउटरचा `192.168.0.1` किंवा `192.168.29.1` असतो, राउटरच्या पोटाखाली स्टिकरवर लिहिलेलं असतं. दुसरा पत्ता बाहेरच्या जगातला. दोन्ही चालू ठेवून क्लास घ्या. अडकलं की बघा, पहिल्या खिडकीत सुद्धा `Request timed out` आलं तर लॅपटॉप आणि राउटर यांच्या मधलीच गोष्ट बिघडलीये, कंपनीचा संबंध नाही, मोठा प्लॅन घेऊन एक पैशाचा फायदा नाही. पहिली खिडकी नीट २-३ मिलिसेकंदात उत्तर देतीये आणि दुसरी बंद पडली तर मग गोदाकाठ म्हणतात तसं कंपनीला धरायचं.

आणि एक सांगा, थंडीत चालत होतं आणि पाडव्यापासून बिघडलं म्हणता, तर मधल्या काळात घरात काय बदललं? नवीन कपाट, रंग, शेजारी नवीन राउटर, काहीही.

रेवती_अंबाजोगाई

तारवालादादा आजच्या क्लासला दोन्ही लावून ठेवलं. अडकलं तेव्हा दोन्ही खिडक्यांत टाइम आउट आलं, आणि अडकायच्या आधी राउटरवाल्या खिडकीत आकडा ३ वरून एकदम १४०, ३१० असा वर गेला. म्हणजे कंपनीची चूक नाही म्हणायची का? बदललं तर काहीच नाही हो घरात. कपाट नाही, रंग नाही. शेजारी तर कुणी राहतच नाही, ते पुण्याला असतात.

निशा_लातूर

ताई, त्या खोलीत कूलर आहे का? आणि तो कुठं लावता?

रेवती_अंबाजोगाई

हौ आहे की. चौकाकडच्या खिडकीत लावतो, लोखंडी पत्र्याचा मोठा. माळवद असल्यामुळं तशी खोली थंड राहते पण चार वाजता क्लासला बसलं की उकडतं. पाडव्याच्या आसपासच काढतो दरवर्षी. पण मागच्या वर्षी मी क्लास मधल्या खोलीतून घ्यायचे.

निशा_लातूर

मग सापडला चोर 🙂

बालाघाटी

निशाताईंना शंभर टक्के अनुमोदन. कूलरची मोटार असते ना ती वायफायला डिस्टर्ब करते, मोटारीतून लहरी निघतात. आमच्याकडं जुन्या रेडिओवर कूलर चालू केला की खरखर यायची. शिवाय कूलरमुळं हवेत ओलावा वाढतो, आणि २.४ गिगाहर्ट्झ ही पाण्याचीच फ्रिक्वेन्सी आहे, म्हणूनच ओव्हनमधी पाणी तापतं. ओल्या हवेत वायफाय जिरून जातं. क्लासच्या टायमाला कूलर बंद ठेवा, एवढंच करायचं.

तारवाला

बालाघाटीदादा, संशयित बरोबर पकडलाय पण गुन्हा दुसराच आहे असं मला वाटतं.

रेवतीताईंच्या घराचं चित्र डोळ्यासमोर आणा. अडीच फुटाची दगड-मातीची भिंत. त्यातून सिग्नल आरपार जातच नाही म्हणा, गेला तरी कामाचा राहत नाही. मग थंडीत खोलीत वायफाय कुठून यायचं? चौक उघडा आहे, ओसरीतून निघालेला सिग्नल चौकातून त्या खिडकीतनं आत जायचा. खिडकी हाच त्याचा दरवाजा. आता त्या खिडकीत तुम्ही काय बसवलं? पत्र्याचा डबा, त्यात खाली पाण्यानं भरलेली टाकी, तीन बाजूंना ओलं गवत. पत्रा लहरींना परत फिरवतो आणि पाणी शोषून घेतं. उरलं काय तर बाजूचं दार, ते उन्हामुळं तुम्ही लावून घेत असणार.

हवेतला ओलावा मात्र सोडून द्या. चाळीस फुटांच्या अंतरात हवेतल्या ओलाव्यानं वायफायला मोजता येईल असा फरक पडत नाही. पाणी २.४ वरच लहरी शोषतं असंही नाही, ५ गिगाहर्ट्झवर उलट जास्तच शोषतं. ओव्हन २.४ वर चालतो कारण तो पट्टा अशा वापराला मोकळा ठेवलेला आहे.

पण माझं तरी कशाला मानायचं, तपासून बघता येतं. मोबाइलवर वायफाय अॅनालायझरचं कुठलंही फुकट अॅप टाका, त्यात सिग्नल उणे डीबीएममधी दिसतो. उणे ५० म्हणजे झकास, उणे ६५-६७ पर्यंत व्हिडिओ कॉल बिनधास्त, उणे ७५ च्या खाली रडरड सुरू, ८५ ला बहुतेक सुटतंच. तुम्ही बसता त्याच जागी मोबाइल ठेवून तीन वेळा बघा. एक, कूलर खिडकीत आणि चालू. दोन, कूलर तिथंच पण बंद, बटण नाही तर पिनच काढून. तीन, कूलर खिडकीतून ओढून बाजूला. मोटारीचा दोष असेल तर दुसऱ्या वेळी आकडा सुधारेल. पत्र्याचा असेल तर तिसऱ्यालाच सुधारेल.

सोयाबीन_शेठ

हे बेस्ट. निकाल लागल्याशिवाय कुणी झोपायचं नाही.

औंढ्याचा_दिगू

माझं पण जरा बघा की दादा. नांदेडला फ्लॅट आहे, स्लॅबचा, भिंती साध्या विटांच्या. राउटर हॉलमधी, बेडरूम लागूनच आहे मधी फक्त बाथरूम. तरी बेडरूममधी नेट रांगतं. आमच्याकडं कूलर नाही, एसी आहे.

तारवाला

दिगूभाऊ, बाथरूमच तुमचा कूलर आहे. भिंतीला फरशा, आतून नळाचे पाइप, आणि मोठा आरसा असेल तर त्याच्या पाठीला धातूचा मुलामा असतो. बेडरूममधल्या लोखंडी कपाटाची पाठ पण त्याच भिंतीला असेल तर बघायलाच नको. राउटर हॉलमधी दाराच्या रेषेत आणून बघा, म्हणजे सिग्नल बाथरूम टाळून दारातनं जाईल. जास्त काही असेल तर वेगळा धागा काढा, इथं ताईंचं राहून जाईल.

औंढ्याचा_दिगू

आरसा आहे, कपाट पण आहे 😅 बायकोला विचारून कपाट हलवतो.

रेवती_अंबाजोगाई

केलं सगळं. सासऱ्यांनी आणि पुतण्यानं मिळून कूलर ओढला, तेवढ्यात निम्मं पाणी सांडलं पण असो.

कूलर चालू: उणे ७९, अधूनमधून ८१. कूलर बंद, पिन काढून: उणे ७८. कूलर बाजूला ओढून खिडकी मोकळी: उणे ६४. हे २.४ वाल्याचे आकडे. अॅपमधी आमच्याच नावाचं ५ गिगावालं पण दिसतं, ते कूलर असताना उणे ८८ आणि नसताना उणे ७१.

टाकी पूर्ण रिकामी करून कूलर परत लावला तर ७७ आला, म्हणजे पाण्यानं फार फरक पडला नाही.

कूलर बाजूला असताना अर्धा तास भाच्याशी व्हिडिओ कॉल केला, एकदाही तुटला नाही. पण घामानं भिजले. कूलर काढून क्लास घेणं काही शक्य नाही, मे महिना अजून पुढंच आहे.

निशा_लातूर

इतकं नीट तपासून लिहिल्याबद्दल धन्यवाद ताई. मोटार निर्दोष सुटली म्हणायची.

बालाघाटी

बरं, ७८ आणि ७९ मधी फरक नाही हे मान्य. पण मोटारीमुळं सिग्नलचा आकडा कमी दिसणारच नाही ना, खरखर वाढते, आकडा तोच राहतो. आवाज तेवढाच पण गोंगाटात ऐकू येईना असं. त्यामुळं ह्या तपासणीतून मोटार पूर्ण सुटत नाही.

तारवाला

बालाघाटीदादा, हा मुद्दा बरोबर आहे, मानलं. अॅपमधला आकडा फक्त सिग्नल सांगतो, गोंगाट सांगत नाही. ते बघायचं असेल तर कूलर तिथंच ठेवून, चालू आणि बंद अशा दोन्ही वेळी राउटरला पिंग लावायचा. मला वाटतं फरक पडणार नाही, कूलरच्या साध्या मोटारीला कार्बन ब्रश नसतात, ठिणगी पडत नाही. रेग्युलेटर खराब असेल तर गोष्ट वेगळी. पण ५ गिगावरचा आकडा सुद्धा ७१ वरून ८८ वर गेलाय, तेवढं एकटं पत्र्यानंच झालंय.

ताई, अजून एक दिसतंय. दोन्ही पट्ट्यांना नाव एकच आहे. मग तुमचा लॅपटॉप कधी ५ वर जातो, तिथं दम धरत नाही, सुटतो, २.४ वर येतो, थोडं बरं वाटलं की परत ५ कडं उडी. ह्या प्रत्येक उडीला तुमचा क्लास अडकतो. खोलीत बसून अधूनमधून ही ओळ टाकून बघा:

```
netsh wlan show interfaces
```

त्यात `Channel` समोर कधी १ ते १३ मधला आकडा आणि कधी ३६, ४४, १४९ असला मोठा आकडा दिसला तर उड्या चालू आहेत.

रेवती_अंबाजोगाई

अगदी तस्संच आहे दादा! आधी 44 होतं आणि Signal 27%, तुटून परत आलं तेव्हा Channel 6 झालं आणि 44%.

तारवाला

मग आज संध्याकाळपुरता उपाय असा करा. राउटरच्या सेटिंगमधी जाऊन `Smart Connect` किंवा `Band Steering` असं काही असेल तर बंद करा, आणि ५ गिगावाल्याच्या नावापुढं `_5G` जोडून वेगळं नाव द्या. खोलीतल्या लॅपटॉपला फक्त २.४ चं नाव जोडून ठेवा आणि दुसरं नाव "फर्गेट" करा. उड्या थांबतील. ७९ वर क्लास काही राजेशाही होणार नाही, पण तुटायचं बरंच कमी होईल.

दुसरं ते देवळीचं. राउटर देवळीत म्हणजे तिन्ही बाजूंनी आणि वर-खाली भिंतच, उघडं फक्त तोंड. देवळी चौकाकडं तोंड करून असेल तरी बाजूला जाणारा सगळा सिग्नल भिंत खाते. तिथून काढून ओसरीच्या चौकाकडच्या खांबावर डोक्याच्या वर टांगा, अँटेना उभ्या. फायबरची पातळ तार जास्त वाकवू नका, आतली काच तडकते. तार पुरत नसेल तर ती खेचायची नाही, कंपनीच्या पोराला लांब पॅचकॉर्ड आणायला सांगा.

सोयाबीन_शेठ

देवळीत दिवा ठेवायचा, राउटर नाही 😄 आमच्या पण जुन्या घरात तसंच आहे, उद्याच काढतो.

पण मी म्हणतो एवढं करण्यापेक्षा रिपीटर घेतला असता तर आतापर्यंत संपलं असतं.

तारवाला

शेठ, रिपीटर ठेवणार कुठं? खोलीत ठेवला तर त्याला सुद्धा कूलरमधनं आलेला उणे ७९ च मिळणार, तो तेच मरतुकडं पुढं ओरडून सांगणार. मोबाइलवर काड्या फुल दिसतील आणि क्लास तरी अडकेलच, लोकांची सगळ्यात जास्त फसगत इथंच होते. रिपीटर लागतो तो मधी, जिथं सिग्नल अजून चांगला आहे तिथं. ह्यांच्याकडं मधी काय आहे तर उघडा चौक आणि तुळशी वृंदावन. पावसाळ्यात तिथं काय ठेवणार? शिवाय साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच्यावरच बोलतो, त्यामुळं वेग जवळजवळ निम्मा होतो.

उदगीरकर_मीना

मला रिपीटर नाही पण मेशचा चांगला अनुभव आहे. उदगीरला आमचं दुमजली स्लॅबचं घर, तीन डब्यांचा मेश घेतला, वर-खाली कुठंही तुटत नाही, तारेचा पसारा नाही. दोन वर्षं झाली. जरा महाग पडतो पण एकदाच. तारवालाभाऊ प्रत्येक ठिकाणी तारच सांगतात, नावच तसं आहे म्हणून असेल 🙂

तारवाला

हाहा, नाव तर आहेच. मीनाताई, तुमच्याकडं जिन्यातून मोकळी वाट असणार, म्हणून डब्यांना एकमेकांचं नीट ऐकू येतं. मेशचा डबा पण भिंतीपुढं रिपीटरसारखाच अडतो, फक्त हुशारीनं वागतो. ह्यांच्याकडं मेशचा दुसरा डबा पलीकडच्या ओसरीत, खोलीच्या दाराबाहेर ठेवला तर चालेल, तिथवर सिग्नल चांगला येतो. पण दार उघडं ठेवावं लागेल, म्हणजे परत ऊन. किंवा डबा बाहेर ठेवून त्याच्यापासून खोलीत छोटी तार न्यायची. म्हणजे शेवटी तारच आली की.

रेवती_अंबाजोगाई

आजचा हाल सांगते. नावं वेगळी केली, राउटर खांबावर टांगला. कूलर चालू ठेवून आता उणे ७२ येतोय, म्हणजे देवळीतून काढल्यानंच ७ चा फरक पडला. क्लास मधी एकदाच अडकला. आधी दर दहा-पंधरा मिनिटाला व्हायचं. खूप खूप आभार.

पण सात वाजता पुतण्या ओसरीत मोठी गेम डाउनलोड करत बसला तर परत आवाज तुटायला लागला. कायमचा इलाज काय करू? आमच्याकडं जुना राउटर पडून आहे आधीच्या कंपनीचा, त्याचा काही उपयोग होतो का? तार टाकायची तर कशी, भिंत फोडू देणार नाहीत सासरे.

तारवाला

जुना राउटर आहे हे आधी सांगायचं ना, मग खर्च फक्त तारेचा. आणि भिंत फोडायची गरज नाही, कूलर आत-बाहेर बसवायला खिडकीत फट असणारच, किंवा दाराच्या चौकटीवरून.

तार घेताना कॅट-सिक्स मागा आणि पूर्ण तांब्याची मागा. बाजारात स्वस्तात मिळते ती बरेचदा अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते, दिसायला सारखीच. दुकानातच टोकाची एक बारीक तार ब्लेडनं खरडून बघा, आत पांढरी चमकली तर परत द्या. ती वाकवली की तुटते आणि दोन-चार वर्षांत जोड खराब होतात. चौकाच्या मधून हवेत तार ताणू नका, ओसरीच्या तुळयांवरून कडेकडेनं फिरवा, छपराखाली राहील. लांब पडेल, ७०-८० फूट लागेल, पण कॅट-सिक्सला १०० मीटरपर्यंत काही होत नाही.

आता जुन्या राउटरचं. आधी तो एकटा लॅपटॉपला तारेनं जोडा, मोठ्या राउटरला अजून लावू नका. पासवर्ड माहीत नसेल तर मागच्या छोट्या भोकात टाचणी दहा-पंधरा सेकंद दाबून रीसेट करा. सेटिंगमधी जाऊन त्याचा स्वतःचा `LAN IP` बदला, नवा राउटर `192.168.1.1` असेल तर ह्याला `192.168.1.2` द्या. सेव्ह केल्यावर पान बंद पडेल, घाबरू नका, नव्या पत्त्यावर परत उघडा. मग `DHCP Server` बंद करा. हे विसरायचं नाही, घरात पत्ते वाटणारा एकच पाहिजे, दोन झाले की कुणाचा मोबाइल चालेल आणि कुणाचा नाही काही सांगता येत नाही. वायफायचं नाव आणि पासवर्ड मोठ्या राउटरचंच द्या, म्हणजे तुम्ही खोलीत गेल्यावर मोबाइल आपोआप इकडं येईल. चॅनेल मात्र वेगळा, एकाला १ आणि दुसऱ्याला ११.

शेवटी तार. ती मोठ्या राउटरच्या `LAN` भोकातून निघून जुन्याच्या पण `LAN` भोकातच जायला पाहिजे. जुन्याचं वेगळ्या रंगाचं `WAN` भोक मोकळं सोडायचं. आधीच्या कंपनीचा डबा फायबरवाला असला तरी असाच चालतो, फायबरचं भोक रिकामं, फक्त काही कंपन्या सेटिंग कुलूपबंद करून ठेवतात, तसं निघालं तर मग साधा राउटर विकत घ्यावा लागेल.

आणि तुमच्यासाठी तर अजून सोपं, क्लासच्या लॅपटॉपला जुन्या राउटरमधून छोट्या तारेनंच जोडा. वायफायची गरजच नाही. मोबाइलपुरतं वायफाय राहू द्या.

गोदाकाठ

लाइटचं विसरू नका ताई. ह्या दुसऱ्या राउटरला पण इन्व्हर्टरची लाइन पाहिजे, नाही तर लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू आणि राउटर बंद. आमच्याकडं तसंच होतं, मग मी राउटरचा छोटा यूपीएस घेतला, बाराशेला. फक्त राउटरच्या अॅडाप्टरवर १२ व्होल्ट आहे का ९, ते बघून घ्या. चुकीचा लावला तर डबा जातो.

बालाघाटी

एक इशारा द्यावा वाटतो. मे-जूनमधी आपल्याकडं विजा किती पडतात माहीत आहे. तांब्याची एवढी लांब तार दोन डब्यांना जोडली आणि जवळ वीज पडली तर दोन्ही टोकांचे पोर्ट उडतात, तार छपराखाली असली तरी. आमच्या पाटोद्याच्या मामाकडं राउटर, टीव्हीचा डबा, दोन्ही गेले, आणि वीज पडली होती पलीकडच्या शेतातल्या लिंबाच्या झाडावर. फायबर टाकली तर हा धोका राहत नाही, काचेतून वीज जात नाही.

तारवाला

दादा म्हणतात त्यात तथ्य आहे. पण फायबर टाकायची म्हणजे दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर लागतात, त्यांना परत दोन अॅडाप्टर, खर्च जुन्या राउटरच्या मानानं बराच. मी स्वतः ओसरीच्या छपराखालून साधी तारच टाकतो आणि ढग गडगडायला लागले की दोन्ही टोकं काढून ठेवायला सांगतो. तार चौकाच्या उघड्यावर असती तर मी पण फायबरच म्हणालो असतो.

बालाघाटी

गडगडायला लागल्यावर क्लास सोडून टोकं काढायला कोण पळणार? आणि घरात कुणी नसताना पाऊस आला तर? मी तर फायबरच म्हणेन.

उदगीरकर_मीना

म्हणून मेश 😀 ना तार ना वीज.

गोदाकाठ

मीनाताई, मेशचे डबे पण लाइटीच्या सॉकेटातच असतात की, वीज तिकडून पण येते. आमचा टीव्ही तसाच गेला.

रेवती_अंबाजोगाई

मंडळी, तार टाकून झाली. अंबाजोगाईतल्या दुकानात पहिल्या दोन तारा खरडल्यावर पांढऱ्या निघाल्या, दुकानदार म्हणला असं कुणी बघत नाही. तिसरी खरी तांब्याची निघाली, ती घेतली. पुतण्यानं तुळयांवरून नेली, खिळे न ठोकता सुतळीनं बांधलं, सासरे पण खूश.

जुन्या राउटरचा पत्ता बदलल्यावर पान बंद पडलं तेव्हा पुतण्या म्हणला गेला डबा, पण तुम्ही लिहिलं होतं म्हणून थांबलो, `192.168.1.2` टाकलं तर उघडलं. आता लॅपटॉप तारेवर आहे, राउटरला पिंग १ च्या खाली, सगळा क्लास सरळ रेषेत. मोबाइलला खोलीत उणे ४१. पुतण्याच्या गेमनं पण काही झालं नाही. कूलर फुल स्पीडवर.

एकच राहिलंय. मोबाइल घेऊन ओसरीतून खोलीत आलं की तो लांबच्या राउटरलाच चिकटून राहतो, काड्या एक-दोन दिसतात, वायफाय बंद-चालू केलं की मग जवळचं धरतो. हे का?

निशा_लातूर

माझ्याकडं पण हे होतं. सासऱ्यांचा मोबाइल तर पूर्ण तुटेपर्यंत सोडत नाही, माझा लगेच बदलतो.

तारवाला

वा ताई, मस्त काम झालं. ते चिकटणं मोबाइलवर अवलंबून असतं, कधी सोडायचं ते मोबाइल ठरवतो, राउटर नाही. बहुतेक मोबाइल ७०-७५ च्या आसपास दुसरं शोधायला लागतात, आणि तुमच्याकडं कूलरआड नेमका ७२ येतो, म्हणून तो अर्धवट ठिकाणी अडकतो. मोठ्या राउटरच्या सेटिंगमधी `Transmit Power` असेल तर `High` वरून `Medium` करून बघा, म्हणजे खोलीत त्याचा आवाज ८० कडं जाईल आणि मोबाइल लवकर सोडेल. सासूबाईंना ओसरीत काही फरक पडणार नाही, त्या जवळच बसतात. सगळ्या राउटरमधी हा पर्याय नसतो.

सोयाबीन_शेठ

मी पण देवळीतून काढला राउटर. आमच्याकडं ६९ चा ६१ झाला. रिपीटर पण घेतला होता आधीच, त्याचं काय करू आता?

तारवाला

शेठ, त्याला तारेचं भोक असेल तर त्यात `Access Point` असा मोड असतो बहुतेक. रेवतीताईंसारखी तार टाका, तोच कामाला येईल.

सोयाबीन_शेठ

भोक आहे. मोड पण आहे. तार किती फूट लागते ते मोजून सांगतो, वाडा आमचा ताईंच्यापेक्षा मोठा आहे.

बालाघाटी

शेठ, मोजताना फायबरचा पण भाव विचारून या. जून जवळ आलाय.